लांब ओळ दुमडली की कविता मोडते का?

अश्विनी, परळ: आमच्या ग्रुपची कवितांची पुस्तिका करतेय, ए५ साइज, सेंटर पिन, २८ कविता. बऱ्याचशा मुक्तछंद. १२ पॉइंटला एका ओळीत दहा-एक शब्द मावतात पण काही ओळी चौदा शब्दांच्या आहेत, उरलेलं खाली येतं आणि ती कवितेची नवीन ओळच वाटते. काय करू? आणि प्रत्येक कविता नवीन पानावर घ्यायची का?

रोहन, डोंबिवली: सोप्पंय, फॉन्ट १० करा, सगळं बसेल.

नंदूकाका, गिरगाव: रोहन, नाही बसणार रे. दहाच्या जागी चौदा शब्द बसवायचे तर साडेआठपर्यंत खाली यावं लागेल, तिथे जोडाक्षरं गिचमिड होतात, रफार आणि मात्रा एकमेकांत घुसतात. आणि चार ओळींसाठी अख्खी पुस्तिका का बारीक करायची? अश्विनी, ओळ दुमडू दे, फक्त दुमडलेला भाग आत सरकव. डावा इंडेंट ८ मिमी आणि पहिल्या ओळीचा उणे ८ मिमी. कवितेची प्रत्येक ओळ डाव्या कडेला सुरू होते आणि उरलेले शब्द आत जातात, वाचणाऱ्याला न सांगता कळतं की हे वरचंच आहे.

माधवी, ठाणे: आमच्या मंडळाची अभंगांची पुस्तिका केली तेव्हा आम्ही सगळं मधोमध घेतलं होतं, छान दिसली. तसंच करा ना.

नंदूकाका, गिरगाव: माधवीताई, अभंगाच्या ओळी आखूड आणि जवळपास सारख्या, म्हणून खपलं. मुक्तछंदात मधोमध घेतलं की प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या जागी, डोळा दर वेळी शोधत बसतो, आणि दुमडलेला तुकडा मधोमध आला की तो नक्की स्वतंत्र ओळ वाटतो.

अश्विनी, परळ: काका करून बघितलं पण उलटंच झालं, कडव्याची पहिली ओळ बाहेर आणि बाकी सगळ्या आत 😕

नंदूकाका, गिरगाव: म्हणजे टाइप करणाऱ्याने ओळीच्या शेवटी Shift+Enter मारलंय. सॉफ्टवेअरला अख्खं कडवं एकच पॅराग्राफ दिसतं, मग उणे इंडेंट पहिल्याच ओळीला लागतो. खुणा दाखवायचं बटण दाब, ओळीच्या शेवटी ¶ ऐवजी ↵ दिसेल. वर्डमध्ये असशील तर Find मध्ये `^l`, Replace मध्ये `^p`. मात्र त्यानंतर दोन कडव्यांमधली जागा रिकामे एंटर मारून ठेवू नकोस, कडव्याच्या पहिल्या ओळीची वेगळी स्टाइल कर आणि तिला वर मोकळी जागा दे, नाहीतर पानाच्या डोक्यावर रिकामी ओळ येऊन बसते आणि कविता खाली घसरलेली दिसते.

स्नेहल, मुलुंड: मला हे पटत नाही. माझ्या कवितांत मी मुद्दाम ओळी आत घेते, पायऱ्या पायऱ्यांनी. तुमची दुमडलेली ओळ पण आत, माझी पण आत, वाचकाने ओळखायचं कसं? त्यापेक्षा कवीला विचारून ओळ त्यानेच तोडावी.

नंदूकाका, गिरगाव: पहिला मुद्दा बरोबर आहे. अशा कवितेत दुमड कवीच्या सगळ्यात आतल्या पायरीपेक्षाही आत घ्यायची, तुझी पायरी १० मिमीवर असेल तर दुमड १८ वर. जुन्या छपाईत उरलेले शब्द उजव्या कडेला नेऊन अलीकडे चौकोनी कंस टाकायचे, तसंही करता येईल. पण कवीकडून ओळ तोडून घ्यायला माझा विरोध आहे. लांब श्वासाची ओळ त्याने तशीच लिहिलीय, कागद अरुंद आहे यात तिचा काय दोष? आणि खाली एकटं "आहे" उरत असेल तर अलीकडच्या जागेवर Ctrl+Shift+Space दे, निदान दोन शब्द सोबतीने उतरतील.

रोहन, डोंबिवली: बरं, फॉन्टचं मागे घेतो. पण प्रत्येक कविता उजव्याच पानावर सुरू व्हायला हवी, चांगल्या पुस्तकांत तसंच असतं.

अश्विनी, परळ: माझ्या २२ कविता एकपानी आणि ६ दोनपानी आहेत, म्हणजे ३४ पानं. सुरुवातीची ४ धरून ३८, पिनसाठी चारच्या पटीत ४०. सगळ्या उजवीकडे घेतल्या तर प्रत्येकीला दोन पानं, २८ दुणे ५६ आणि ४, म्हणजे ६० 😬 त्यात बावीस पानं कोरी.

नंदूकाका, गिरगाव: हो, आणि दोनपानी कविता उजवीकडे सुरू केली की मध्येच पान उलटावं लागतं. त्या सहा डावीकडे सुरू कर, पूर्ण कविता एका नजरेत येते. त्यासाठी क्रम थोडा हलवावा लागेल. प्रत्येक कविता नवीन पानावर, शीर्षक सगळीकडे वरून एकाच उंचीवर, कविता आठ ओळींची असली तरी. खाली मोकळं राहिलं तर राहू दे. आणि पहिलं पान कडव्याच्या शेवटी संपव, मधोमध तुटलं तर पुढच्या पानावर नवं कडवं आहे की जुनंच, ते कळत नाही.

स्नेहल, मुलुंड: क्रम हलवायचा? आमच्या पुस्तिकेत कुठल्या कवितेनंतर कुठली येते याला अर्थ असतो हो. पानासाठी क्रम बदलण्यापेक्षा मी एक कोरं पान सोडेन.

अश्विनी, परळ: ओळींचं जमलं, प्रिंट काढून बघितली, आता नीट कळतंय कुठली ओळ दुमडलीय ते. सहापैकी चार कविता क्रम न हलवताच डावीकडे येतायत. उरलेल्या दोघींचं त्या त्या कवीला विचारते, ४० मध्ये दोन पानं शिल्लक आहेतच.