मदत हवी आहे: एकाच जाहिरातीचे दोन रिपोर्ट, एकात 96 लीड, एकात 58. कुठला खरा?

हलवेवाली_डोंबिवली
नमस्कार मंडळी, मी हलव्याचे दागिने करते. संक्रांतीला स्टॉल असतो आणि बाकी ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. यंदा पहिल्यांदाच इन्स्टावर पैसे घालून जाहिरात केली, रोजचे 500 रुपये, 1 ते 12 जानेवारी, म्हणजे 6000. जाहिरातीवरचं बटण दाबलं की थेट माझा व्हॉट्सॲप उघडतो. हे सगळं एक मुलगा बघतो, त्याचं ठरलंय की प्रत्येक लीडमागे 15 रुपये त्याचे. त्याने 13 तारखेला पीडीएफ पाठवली, त्यात लीड्स 96, एक लीड 62.50 ला. मी म्हटलं छान. मग लेकीने लॅपटॉपवर लॉगिन करून स्वतः रिपोर्ट काढला तर त्यात 58, आणि एक पडतोय 103.45 ला. तारखा त्याच, जाहिरात तीच, खर्च दोन्हीकडे 6000. आता 96 धरले तर त्याला 1440 द्यायचे आणि 58 धरले तर 870. पोरगा तसा बरा वाटतो पण 570 रुपये म्हणजे माझा बाळाचा एक अख्खा सेट आहे हो. त्याला काही बोलायच्या आधी इथे विचारते, फसवतोय का?

मोदक_मास्तर
ताई, हा बेरजेचा घोळ आहे, गणपतीत माझंही झालेलं. रोजचे आकडे घेऊन बेरीज केली की एकच माणूस चार दिवस मोजला जातो, एकदम बारा दिवसांचं काढलं की एकदाच. पोराने रोजचे जोडले असणार. त्याला म्हणावं बेरीज करू नको.

आकडेमोड
मास्तर, तुमचं म्हणणं रीचबद्दल बरोबर आहे, कारण तिथे माणसं मोजतात आणि कालचा माणूस आज परत दिसतो. पण ताईंचं रीच नाहीये. ताई, एक काम करा, पीडीएफ सोडा, ती त्याने बनवलीय आणि 'लीड' हे नाव त्याने दिलंय. लॅपटॉपवर ॲड्स मॅनेजर उघडा आणि दोन्ही आकडे कुठल्या कॉलमचे आहेत ते बघा. कॉलमच्या नावावर माउस नेला की तो काय मोजतो ते लिहून येतं, ते जसंच्या तसं वाचा.

बाळाची_आई_ठाणे
ताई बोरन्हाणाचा सेट मिळेल का, मुलगी आहे, 11 महिन्यांची? मुकुट थोडा सैल हवा, काढून फेकते.

हलवेवाली_डोंबिवली
@बाळाची_आई मिळेल, मेसेज करते.
@आकडेमोड बघितलं. त्याचा 96 आहे `Messaging conversations started` चा. लेकीने घेतलाय `New messaging contacts`. मला दोन्ही सारखंच वाटलं, लेकीलाही. पण खाली लिहिलेलं वाचलं तर पहिल्यात निदान 7 दिवस शांत असलेलं बोलणं परत सुरू झालं तरी मोजतात, आणि दुसऱ्यात फक्त आयुष्यात पहिल्यांदा मला मेसेज करणारा. म्हणजे जुनी गिऱ्हाइकं?

आकडेमोड
नेमकं. आणि तुमचा धंदा वर्षातून एकदाचा. मागच्या वर्षी सुनेसाठी नेलेली बाई यंदा नातवासाठी जाहिरात बघून परत आली, तर मधे 7 दिवस काय, 50 आठवडे गेलेत, ती 96 मध्ये येणार आणि 58 मध्ये नाही. फोनमध्ये पडताळताही येतं. जाहिरातीतून आलेल्या चॅटमध्ये मेसेजच्या वर जाहिरातीचं छोटं कार्ड दिसतं, फोटोसकट. ते दिसतंय अशा चॅट उघडा आणि वर सरकवून बघा की आधीचं बोलणं आहे का.

हलवेवाली_डोंबिवली
काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो दोघी. मी सांगत गेले, लेक वहीत रेघा मारत गेली. 96 वजा 58 म्हणजे 38 चा हिशोब लागायला हवा होता. कार्ड असलेल्या 31 चॅटमध्ये वर गेल्या वर्षीचं किंवा त्याआधीचं बोलणं सापडलं, एकीत तर 'काकू तिळगूळ घ्या' पण होतं. मग एक मजा दिसली. चार चॅटमध्ये कार्ड दोनदा होतं! 1-2 तारखेला `Hello! Can I get more info on this?` असं आपोआप येणारं वाक्य, मी भाव सांगितला, पुढे गप्प. आणि 10-11 तारखेला तीच बाई परत जाहिरातीवरून, परत तेच वाक्य. नवऱ्याला विचारून आली असणार. म्हणजे माणूस एक पण बोलणं दोनदा सुरू झालं, बरोबर ना? 31 आणि 4 झाले 35. तीन काही सापडत नाहीत.

आकडेमोड
चारांचं बरोबर, मधे 7 दिवसांपेक्षा जास्त गेलेत. तीन राहिले ते राहू द्या, चॅट डिलीट झाली असेल, फोन बदलला असेल, मी छातीठोक सांगणार नाही. पण मुलाने आकडा फुगवलेला नाही एवढं दिसतंय. त्याने कॉलमचं नाव झाकून वर 'लीड' लिहिलं, ते मात्र मला आवडलेलं नाही.

कंदीलवाला
माझं तर वेगळंच होतं, रिपोर्टमध्ये खर्च 6000 आणि बँकेतून 7080 गेले. मी जाहिरातवाल्याशी भांडलो. नंतर कळलं की रिपोर्टमधल्या खर्चात 18 टक्के जीएसटी धरलेला नसतो. ताई तुमचाही बघा, एक लीड 62.50 ला नाही पडला मग.

हलवेवाली_डोंबिवली
अरे देवा, हे डोक्यातच नव्हतं. बघितलं, 7080 च गेलेत.

मोदक_मास्तर
ते सगळं ठीक, पण पोराला 15 रुपये कशाचे देणार? जुनी गिऱ्हाइकं तर ताईंचीच आहेत, ती अशीही आली असती. मी 58 चेच देईन.

आकडेमोड
मास्तर, अशीही आली असती हे कशावरून? त्यांच्याकडे नंबर होता तरी आठवण जाहिरातीने झाली असेल. या रिपोर्टवरून ते कळणारच नाही, त्यात फक्त कोण जाहिरातीवरून आलं तेवढंच दिसतं. ताई, ऑर्डरी किती कुणाच्या?

हलवेवाली_डोंबिवली
तेच मोजलं सकाळी. जुन्या 31 मधल्या 19 जणींनी घेतलं, नवीन 58 मधल्या 11 जणींनी. नवीन बऱ्याच नुसतं 'प्राइस?' विचारून गायब. म्हणजे मी लेकीच्या 58 ला खरं आणि त्याच्या 96 ला खोटं धरून बसलेले आणि विक्री जास्त त्या वगळलेल्यांत निघाली. त्याला फोन केला, भांडायला नाही. म्हटलं लीड म्हणजे काय ते आपण आधी ठरवलंच नव्हतं. तो म्हणाला काकू मी सगळ्यांना हाच कॉलम देतो. यावेळचे 1440 दिले. पुढच्या वेळी पीडीएफमध्ये दोन्ही कॉलम त्यांच्या मूळ नावाने हवेत आणि 15 रुपये फक्त नवीन माणसामागे, असं बोललेय, तो 25 मागतोय.

मोदक_मास्तर
25 जास्त आहेत.

आकडेमोड
रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतील, परत लावणार असाल तर जुन्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी चढवून त्यांना जाहिरातीतून वगळता येतं, आणि त्यांना तुम्हीच मेसेज करा, तो फुकट. यादीतले सगळेच नंबर जुळत नाहीत, थोड्या जुन्या बायका तरीही येतील.

हलवेवाली_डोंबिवली
आठ दिवस 300 ने लावायचा विचार आहे. काळा कपडा संपत आलाय तो आधी आणते. नंबर वहीत आहेत सगळे, लेक टाइप करतेय.

बाळाची_आई_ठाणे
ताई मेसेज नाही आला अजून 🙏 मी जाहिरातीवरून आले नाहीये, मला मोजू नका.