कव्हर्ड कॉल: शेअर विकायचे नसतील तर?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एकाच कंपनीचे ३०० शेअर आहेत. त्यातले २०० फार जुने, ३८ डॉलरला घेतलेले. उरलेले १०० चार महिन्यांपूर्वी ९४ ला घेतले. आज भाव १०० आहे. ४५ दिवसांनी संपणारा १०८ च्या स्ट्राइकचा कॉल, म्हणजे त्या मुदतीत माझे शेअर १०८ ला घेण्याचा हक्क, १.८० ला विकला जातोय. शंभर शेअरच्या एका कॉन्ट्रॅक्टमागे १८० डॉलर प्रीमियम हातात येईल. शेअर मला विकायचे नाहीत, पण नुसते पडून आहेत तर त्यांच्यावर थोडं उत्पन्न मिळावं, एवढीच इच्छा आहे. तिन्ही शंभरांवर कॉल विकू का? यात नक्की गमावतो काय?

---

प्रेषक: विनायक

अनघा, बिनधास्त विक. दीड महिन्याला १.८ टक्के, वर्षातून आठ वेळा केलंस तर १४ टक्क्यांच्या वर जातं, डिव्हिडंड वेगळाच. भाव १०८ च्या वर गेला तर प्रत्येक शेअरमागे आठ डॉलर वाढ आणि वर प्रीमियम, म्हणजे तिथेही फायदाच. अगदीच शेअर सोडायचे नसतील तर कॉल पुढच्या महिन्यावर रोल करायचा. मी हेच करतो.

---

प्रेषक: सुलभा

अनघा, जपून गं. आमच्या नात्यात एकाने कॉल विकले आणि भाव चढल्यावर राहती जागा विकायची पाळी आली. ऑप्शन म्हणजे अमर्याद तोटा, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

---

प्रेषक: शिरीष

सुलभाताई, तुम्ही सांगताय तो प्रकार हाती शेअर नसताना विकलेल्या कॉलचा आहे. तिथे भाव चढला की बाजारातून महाग घेऊन द्यावे लागतात. अनघाकडे द्यायला शेअर आहेत, त्यामुळे वरच्या बाजूने तिला खिशातून काही घालावं लागणार नाही. खालच्या बाजूचा धोका मात्र जसाच्या तसा राहतो. भाव ८० वर आला तर २० डॉलरच्या घसरणीत १.८० चाच आधार. आणि त्यानंतर चांगला प्रीमियम हवा म्हणून ९० चा कॉल विकण्याचा मोह होतो. मग भाव परत १०० वर गेला तरी शेअर ९० ला जातात. पडझड पूर्ण सोसायची आणि भरपाई मात्र अर्धीच पदरात पडते.

विनायक, तुझं १४ टक्क्यांचं गणित आठही वेळा भाव १०८ च्या खाली राहील असं धरून आहे. या कॉलचा डेल्टा साधारण ०.२७ दिसतो, म्हणजे ढोबळमानाने चारातल्या एका वेळी तो स्ट्राइकच्या वर संपेल असं बाजार धरतोय. समजा निकाल चांगले लागले आणि भाव १२१ झाला. अनघाला १०८ अधिक १.८०, म्हणजे १०९.८० मिळतील. शेअरमागे ११.२० हुकले, कॉन्ट्रॅक्टमागे ११२०. हे सहा वेळच्या प्रीमियमपेक्षा जास्त आहे.

पण अनघा, तुझ्या बाबतीत याहून मोठी गोष्ट टॅक्सची आहे. जुने शंभर शेअर उचलले गेले तर विक्रीची किंमत प्रीमियम धरून १०९.८० मानतात. ३८ वजा जाता शंभर शेअरवर ७१८० डॉलरचा दीर्घ मुदतीचा नफा. फेडरल दर १५ टक्के धरला तर १०७७ डॉलर टॅक्स, राज्याचा वेगळा. हा टॅक्स कधीतरी भरायचाच होता हे खरं, पण तो कधी भरायचा हे तू ठरवणार होतीस. १८० डॉलर घेऊन तो निर्णय तू कॉल घेणाऱ्याच्या हाती देतेस.

---

प्रेषक: विनायक

काका, म्हणूनच तर रोल करायचा! १०८ चा कॉल परत घ्यायचा आणि दोन महिन्यांनंतरचा वरच्या स्ट्राइकचा विकायचा. शेअर जातच नाहीत.

---

प्रेषक: शिरीष

करता येतं, पण फुकट नाही. तेच उदाहरण पुढे नेतो. एक्स्पायरीला तीन आठवडे आहेत, भाव १२१. तुझा कॉल परत घ्यायला साधारण १३.४० लागतील. दोन महिन्यांनंतरचा ११२ चा कॉल १२ च्या आसपास विकला जाईल. म्हणजे पदरचे १.४० घालून कमाल मर्यादा चार डॉलरने वर सरकवली. सुरुवातीला मिळालेल्या १.८० मधले ४० सेंट उरले, आणि भाव १२१ असताना मर्यादा अजून ११२ वरच आहे. भाव उतरला तर बरं, चढत राहिला तर दर दोन महिन्यांनी हेच.

दुसरं म्हणजे एक्स्पायरीपर्यंत वेळ आहे असं समजून स्वस्थ बसता येत नाही. इथे शेअरवरचे कॉल घेणारा कोणत्याही दिवशी वापरू शकतो. तो सहसा एक्स-डिव्हिडंडच्या, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्याच्या, आदल्या दिवशी वापरतो. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच स्ट्राइकच्या आणि त्याच तारखेच्या पुटचा, म्हणजे शेअर विकण्याच्या हक्काचा, भाव बघायचा. समजा पुट ४० सेंटला आहे आणि डिव्हिडंड ६० सेंट, तर कॉल धरून ठेवण्यापेक्षा शेअर उचलून डिव्हिडंड घेणं त्याला परवडतं. त्या दुपारी बाजार बंद व्हायच्या आत रोल केलं नाही तर सकाळी शेअर गेलेले असतील, आणि डिव्हिडंडही.

---

प्रेषक: निखिल

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्याकडे नोकरीतल्याच कंपनीचे आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून मिळालेले शेअर, जमलेत. त्यांच्यावर हेच करावं म्हणून ब्रोकरकडे अर्ज केला, मंजुरीही मिळाली. मग सहज कंपनीची ट्रेडिंग पॉलिसी उघडली, तर त्यात कंपनीच्या शेअरवर कुठलाही ऑप्शन घ्यायला-विकायला कर्मचाऱ्यांना मनाई आहे. ब्रोकर हे तपासत नाही. अनघाताई, तुमचे शेअरही आताच्या कंपनीचे असतील तर आधी ते बघा.

---

प्रेषक: अनघा

निखिल, धन्यवाद, माझे तसे नाहीत.

काका, मग एक विचारते. फक्त एकच कॉल विकला आणि उचलायची वेळ आली तर ९४ वाले शंभर देता येतील ना?

---

प्रेषक: शिरीष

येतील, पण आपोआप नाही. बहुतेक खात्यांत आधी घेतलेले आधी जातात अशीच सेटिंग असते, म्हणजे ३८ वालेच जातील. कोणता लॉट, म्हणजे कोणत्या वेळी घेतलेले शेअर, द्यायचा ते सेटलमेंटच्या आत, म्हणजे पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत, ब्रोकरला कळवावं लागतं. ती सेटिंग आजच बदलून ठेव.

त्या लॉटवरचा नफा १५८० डॉलर होईल, पण वर्ष झालेलं नाही, त्यामुळे त्यावर तुझ्या पगाराच्या दराने टॅक्स लागेल. आणि त्या शेअरचं वर्ष भरेपर्यंत ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचे किंवा भावाच्या खालच्या स्ट्राइकचे कॉल विकू नकोस. तसं केलं तर वर्षाची मोजणी थांबते, काही वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मघाशी सांगितलेला ११२ चा रोलसुद्धा याच नियमात सापडतो, म्हणून तो करण्याआधी टॅक्सवाल्याला विचार.

---

प्रेषक: विनायक

काका, लॉटचं मला माहीत नव्हतं, आज बघतो. तरी माझं म्हणणं कायम आहे. वर्षभर भाव ९५ आणि १०५ मध्ये घुटमळला तर न विकणाऱ्याला डिव्हिडंडशिवाय काही मिळत नाही. एकाच कंपनीत इतके पैसे असतील तर त्यातले शंभर १०९.८० ला जाणं वाईट का मानायचं?

---

प्रेषक: अनघा

दादा, ते शंभर गेले तर मला चालेल, दोनशे नकोत. लॉटची सेटिंग बदलली. पुढच्या तिमाहीचे निकाल याच ४५ दिवसांत येतायत, आणि प्रीमियम बहुधा त्यामुळेच फुगलाय. निकाल झाल्यावर विकावा की आधी, यावर कुणाचा अनुभव असेल तर लिहा.