मदत हवी आहे: अव्यक्त समीकरणातून y चा दुसरा अवकलज काढताना शेवटची पायरी

x² + xy + y² = 3 या समीकरणाचे x च्या संदर्भात अवकलन केल्यावर y' = −(2x + y)/(x + 2y) मिळते. 2x + y + xy' + 2yy' = 0 या ओळीचेच पुन्हा अवकलन केले, तर भागाकाराचा नियम न वापरता y'' = −2(1 + y' + y'²)/(x + 2y) हाती येते, आणि ही वाट मला अधिक सुटसुटीत वाटते. त्यात y' ची किंमत घातली की अंशात 3(x² + xy + y²) तयार होते; तिथे मूळ समीकरणावरून 9 लिहिल्यास y'' = −18/(x + 2y)³ उरते. (1, 1) या बिंदूवर y' = −1 आहे आणि दोन्ही सूत्रांनी y'' = −2/3 येते, म्हणजे आकडेमोड जुळते.

माझा प्रश्न 9 लिहिण्याविषयी आहे. ही समानता फक्त वक्रावरच खरी असल्यामुळे, तिसरा अवकलज काढायचा असेल तर हे संक्षिप्त रूप निर्धास्तपणे वापरता येते का? तसेच (2, −1) येथे छेद शून्य होतो. तिथे x हे y चे फल मानून वक्रता तपासणे योग्य ठरेल का? कृपया कारणासह सांगावे.