मदत हवी आहे: दहावीच्या पालकांना द्यायच्या पत्रातलं 'दडपण देऊ नका' मुख्याध्यापकांनी खोडलं. त्या जागी काय लिहू?

कृष्णाकाठची
मी कराडजवळच्या एका शाळेत समुपदेशक आहे. दहावीच्या प्रिलिमचे पेपर येत्या पालकसभेत दाखवणार आहोत आणि सोबत प्रत्येक घराला माझं एक पानी पत्र जाईल. मसुद्यात लिहिलं होतं: 'मुलांवर गुणांचं दडपण टाकू नका, तुलना करू नका, घरात वातावरण आनंदी ठेवा.' मुख्याध्यापकांनी लाल पेनाने शेरा मारून परत दिलं: 'यातून पालक असा अर्थ घेतील की अभ्यास थोडा कमी झाला तरी चालेल. बोर्डाला जेमतेम सहा आठवडे आहेत.'

त्यांचं म्हणणं मला पटतं. 'टाकू नका, करू नका' वाचून पालक विचारतात, मग आम्ही करायचं तरी काय? आमचे बरेच पालक शेतीवाले किंवा कारखान्यात शिफ्टला जाणारे. पान उलटून वाचणार नाहीत. एखाद्या शिक्षकाने किंवा पालकाने असं पत्र लिहिलं असेल, किंवा घरी आलं असेल, तर नेमकं काय उपयोगी पडलं ते सांगा.

पहाटवारा
ताई, सोपं आहे. मोबाइल काढून घ्यायचा, टीव्ही बंद, पाहुणे बंद आणि पहाटे चारला उठवायचं. आमच्या वडिलांनी हेच केलं. पहाटेचं पाठांतर अजून डोक्यात आहे.

लालशाई
पहाटवारा, पहाटे उठण्याला ना नाही, पण त्यासाठी मूल रात्री नऊला झोपायला हवं. हल्ली मुलं बाराला झोपतात आणि चारला उठवली जातात. पेपर सकाळी अकराला असतो, तेव्हा त्यांचे डोळे मिटायला लागलेले असतात. पाहुण्यांचं मात्र बरोबर बोललात.

ताई, मी बरीच वर्षं बोर्डाचे गणिताचे पेपर तपासले, आता निवृत्त आहे. पत्रात एकच काम सांगा: प्रिलिमचा पेपर घरी आला की किती मिळाले हे विचारण्याआधी गेलेले मार्क कुठे गेले ते पाहायचं. तीन खाती पुरतात. वेळ संपली म्हणून गेले, येत असून चुकले, आणि येतच नव्हतं.

एक नमुना देतो. बीजगणितात 40 पैकी 22 मिळालेली मुलगी. घरात लगेच '22च का?' सुरू होतं, आणि त्याला तिच्याकडे उत्तर नसतं. पेपर उलगडला तर गेलेले 18 असे निघाले: चौथ्या प्रश्नातलं चार मार्कांचं एक उदाहरण आणि पाचवा अख्खा प्रश्न कोरा, म्हणजे 7 वेळेमुळे. वर्गसमीकरणाच्या सूत्रात चिन्ह उलटं, अर्थनियोजनात केंद्राचा कर काढला पण राज्याचा लिहायचा राहिला, असे इकडचे तिकडचे 6 येत असून गेले. सांख्यिकीतलं तीन मार्कांचं मध्यकाचं आणि संभाव्यतेतलं दोन मार्कांचं, ही 5 मात्र खरंच येत नव्हती.

आता वेळ का संपली ते बघा. पहिल्या प्रश्नातल्या पर्यायांना नुसतं उत्तराचं अक्षर लिहायचं असतं. या मुलीने चारही गणितं पायऱ्यांसकट मांडली होती. तिथेच तिची बरीच मिनिटं गेली. तिला जास्त अभ्यासाची गरज नव्हती. घड्याळ लावून, अकराला बसून, दोन तासांत अख्खा पेपर लिहायची सवय हवी होती. बोर्ड 2023 पासून शेवटी 10 मिनिटं वाढवून देतं, पण घरी ती धरू नयेत. 6 वाल्या खात्याला ती चुकलेली गणितंच दोन दिवसांनी वही बंद ठेवून पुन्हा सोडवायची. वही उघडी ठेवून नुसतं वाचलं की सगळं येतंय असंच वाटतं. शाळेत सरांकडे जायचं ते फक्त 5 वाल्यासाठी.

यात काम कमी कुठे झालं? पण उद्या काय करायचं ते मुलीला कळलं, आणि आईला रोज 'अभ्यास झाला का?' विचारावं लागत नाही.

दोन_डब्यांची_आई
लालशाई काका, माझा मुलगा बारावीला आहे, जेईई पण देतोय. क्लासची टेस्ट दर रविवारी, त्याची रँक आमच्या ग्रुपवर येते आणि त्या दिवशी घरात कोणी जेवत नाही. तीन खात्यांनी रँक सुधारेल का?

कृष्णाकाठची
ताई, हे पत्र दहावीच्या, राज्य मंडळाच्या मुलांसाठी आहे, जेईईचं मला फार कळत नाही. पण रँक ग्रुपवर येते त्या दिवशी तुमचा मुलगा जेवत नाही की तुम्ही दोघं? तो नसेल आणि असं बरेच रविवार चाललं असेल, तर कॉलेजातल्या समुपदेशकांशी बोला. झोपही उडाली असेल तर 14416 या टेलीमानसच्या नंबरवर फोन करता येतो, मराठीत बोलतात.

ऊसतोड्याचा_पोरगा
मी पालक आहे. काका, खाती चांगली आहेत पण मला बीजगणित येत नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पेपर हातात घेऊन मी काय उलगडणार? पोरगी म्हणेल, बाबा राहू द्या. असं पत्र आलं की आमच्यासारख्याला अजूनच ओशाळल्यासारखं होतं.

लालशाई
तुमचं बरोबर आहे, माझ्या सांगण्यात ते राहिलं. खाती पोरीनेच करायची. तुम्ही फक्त विचारायचं, 'यातले वेळेत किती गेले गं?' आणि तिचं ऐकायचं. उत्तर चूक की बरोबर हे तुम्हाला ठरवायचंच नाही. रविवारी अकरा ते एक घरात गोंगाट होऊ द्यायचा नाही, घड्याळ समोर ठेवायचं, एवढं तुमच्याकडे.

कृष्णाकाठची
हे ऐकून मधला परिच्छेद असा केलाय. सांगा:

'सप्रेम नमस्कार. आज पाल्याचे प्रिलिमचे पेपर मिळतील. आज फक्त बघा, बोलणं उद्यावर ठेवा. उद्या त्याला किंवा तिला विचारा: वेळेमुळे किती गुण गेले, येत असून किती, आणि न आल्यामुळे किती? मुलानेच तीन आकडे पेपरच्या मागे लिहायचे. तिसरा आकडा विषयशिक्षकांना दाखवायचा. दर रविवारी अकराला एक पेपर, घड्याळ लावून, आणि त्या आदल्या रात्री दहाच्या आत झोप. आकडा शेजारच्या मुलाशी ताडून बघू नका, मागच्या रविवारच्या स्वतःच्याच आकड्याशी बघा.'

पहाटवारा
दहाच्या आत ठीक. पण 'बोलणं उद्यावर' हे आमच्या घरी जमणार नाही, बायको दारातच विचारते.

लालशाई
'आदल्या रात्री' नको, 'रोज' लिहा. बाकी छान. आणि 'विषयशिक्षकांना दाखवायचा' लिहिताय, तर आधी त्या शिक्षकांना विचारून घ्या. साठ मुलं तिसरा आकडा घेऊन एकाच सुट्टीत आली तर गणिताचे सर तुमच्यावर चिडतील.

कृष्णाकाठची
आजच बोलते त्यांच्याशी. एक अडतंय अजून. आमच्याकडे 40 पैकी 9 मिळालेलीही मुलं आहेत. त्यांचं पहिलं, दुसरं खातं जवळपास रिकामं. 31 चा आकडा स्वतःच्या हाताने लिहायला लावणं म्हणजे दडपण वाढवणंच नाही का?

लालशाई
त्यांना हे पत्र नको असं माझं मत. त्यांनी अख्खा पेपर न धरता पहिला प्रश्न आणि दुसऱ्यातल्या कृती धराव्यात. रिकाम्या चौकटी भरायच्या असतात, पायऱ्या आधीच दिलेल्या असतात.

ऊसतोड्याचा_पोरगा
पण वेगळं पत्र दिलं की वर्गात लगेच कळतं कुणाला कुठलं आलं. माझ्या पोरीला वेगळं पाकीट आलं तर ती घरी आणणारच नाही.

कृष्णाकाठची
हेच मला सुटत नाहीये. पत्र सगळ्यांना सारखंच देऊन या आठ-दहा घरी मी स्वतः जाऊ का, असा विचार आहे. कुणी केलंय का असं?