'इम्प्लाइड व्होलॅटिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं? (सोन्याच्या ऑप्शन्सपुरतं)

मृदुला_दादर
एका मासिकासाठी सोन्याच्या ऑप्शन्सवरचा लेख मराठीत केला. त्यात एक वाक्य होतं, एमसीएक्स या वायदेबाजारात सोन्याच्या ऑप्शन्सची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी १६ टक्के आहे. मी 'गर्भित अस्थिरता १६ टक्के' लिहिलं. संपादकांना 'गर्भित' पटलं नाही, त्यांनी 'सोन्याचा भाव १६ टक्के हलण्याची अपेक्षा' असं करून छापलं. आता वाचक विचारतायत, या महिन्यात सोनं १६ टक्के वाढणार का? पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायची आहे. शब्द सुचवा, आणि वाक्य नेमकं कुठे चुकलं तेही सांगा.

शुद्धमराठी
'गर्भित' नकोच. 'गर्भित इशारा' म्हणतो तेव्हा कुणीतरी मुद्दाम आत काहीतरी दडवलेलं असतं. इथे कुणी काही दडवलेलं नाही. न बोलता वाक्यात धरलेलं असतं ते 'अध्याहृत'. आणि अस्थिरता सरकारांची असते. भावाला 'चंचलता' म्हणा. चंचला हे लक्ष्मीचंच नाव, सोन्याला याहून चपखल शब्द नाही. माझं मत: अध्याहृत चंचलता.

सुहास_डोंबिवली
बाजारात सगळे 'आयव्ही'च म्हणतात. आयव्ही चढला म्हणजे लोक कॉल, म्हणजे ठरल्या भावाला विकत घ्यायचा हक्क, घेतायत, म्हणजे सोनं वर जाणार. मग सरळ 'तेजीचा अंदाज' का म्हणू नये?

अनय_ठाणे
सुहास, अर्धंच बरोबर आहे. आयव्ही चढतो तो ऑप्शन महाग झाला म्हणून, हे खरं. पण पुटला, म्हणजे ठरल्या भावाला विकायच्या हक्काला, गिऱ्हाईक वाढलं तरी तो तसाच चढतो. भाव वर जाणार की खाली, हे त्यात नसतं. किती हलेल एवढंच असतं.

मृदुलाताई, तुमच्या वाक्यात शब्दापेक्षा मुदत हरवली. १६ टक्के हा वर्षाच्या मापाचा आकडा आहे. मी दहा वर्षं हेच करतोय, म्हणून एक हिशोब मांडतो. सोपा जावा म्हणून आकडे गोल घेतलेत.

समजा फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा वायदा, १० ग्रॅमला १,००,००० रुपयांवर आहे आणि ऑप्शन संपायला ३० दिवस आहेत. १,००,००० च्याच स्ट्राइकचा, म्हणजे हक्कात ठरलेल्या भावाचा, कॉल १,८३५ ला, पुटही १,८३५ ला. दोन्ही मिळून ३,६७०. ही रक्कम भावाच्या ३.६७ टक्के झाली. तिला ०.८ ने भागा, ४.६ च्या आसपास येतं. मग मुदतीचं वर्गमूळ: ३० भागिले ३६५, त्याचं मूळ ०.२८७. ४.६ ला ०.२८७ ने भागलं की १६. हा तुमचा आयव्ही.

उलट वाचा. या महिन्यात बाजार साधारण ४,६०० रुपये इकडे किंवा तिकडे धरून चाललाय. दिवसाचं हवं असेल तर १६ ला पुन्हा १६ ने भागा, कारण वर्षात बाजाराचे अडीचशेच्या आसपास दिवस असतात आणि त्याचं मूळ सोळाच्या जवळ येतं. म्हणजे दिवसाला एक टक्का, हजार रुपये.

सुहास_डोंबिवली
मग ९५,४०० ते १,०४,६०० च्या बाहेर जाणार नाही, असंच ना?

अनय_ठाणे
नाही, इथेच पैसे जातात. हा पट्टा तीनातल्या दोन वेळांचा आहे. तिसऱ्या वेळी भाव बाहेर जातो, आणि कधीकधी फार लांब जातो. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्याचं आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हा इथला भाव एका दिवसात कोसळला. परदेशातल्या ऑप्शन्सचा आयव्ही कितीही बारकाईने वाचला असता तरी त्यात आपलं शुल्क आणि रुपया नसतोच.

स्मिता_विलेपार्ले
मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे, दहा तोळं घ्यायचं आहे. आयव्ही कमी असताना घ्यावं का? गेल्या वेळी थांबले आणि तोळ्यामागे बरंच जास्त मोजावं लागलं.

अनय_ठाणे
स्मिताताई, आयव्ही कमी म्हणजे सोनं स्वस्त नव्हे, ऑप्शन स्वस्त. तुमच्या कामाचं एवढंच की वरच्या हिशोबातला आकडा लग्नापर्यंतच्या दिवसांना लावून पाहा. तीन महिने असतील तर १६ टक्क्यांतून आठ येतात. आठ टक्के वाढ झेपत नसेल तर निम्मं आत्ता घ्या. पण भाव कुठे जाईल हे मी सांगू शकत नाही.

शुद्धमराठी
आपण शब्दावर आहोत. संपादकांचं 'अपेक्षा' हे तरी चालेल का?

अनय_ठाणे
माझा त्यावरच आक्षेप आहे. ऑप्शन विकणारा जोखमीचा मोबदलाही किमतीत घालतो. त्यामुळे आयव्ही बहुतेक वेळा नंतर प्रत्यक्ष झालेल्या हालचालीपेक्षा थोडा जास्तच निघतो. निव्वळ अपेक्षा असती तर असं सारखं झालं नसतं. तो भावावरून उलटा काढलेला आकडा आहे. मी 'भावातून निघणारा चढउतार' म्हणेन.

आणि मृदुलाताई, लेखातला १६ कुठून घेतलाय तेही पाहा. एमसीएक्सचा ऑप्शन फ्युचरवर असतो. काही फुकटच्या तक्त्यांत फ्युचरऐवजी हजर भाव घातलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच स्ट्राइकच्या कॉलचा आणि पुटचा आयव्ही जवळजवळ सारखा यायला हवा. कॉलचा २१ आणि पुटचा १२ दिसला तर बाजार काही सांगत नाहीये, तक्ताच चुकलाय. लांबच्या स्ट्राइकवर तर शेवटचा सौदा सकाळी दहाचा आणि फ्युचर संध्याकाळचं, असंही असतं. सौद्याची वेळ पाहिल्याशिवाय तो आकडा छापू नका.

मृदुला_दादर
तक्ता उघडला. मधल्या स्ट्राइकवर कॉल १६.३, पुट १५.८. त्याच्या बऱ्याच वरच्या एका कॉलवर ३४ दिसतोय, शेवटचा सौदा ९:१२ चा. तो लेखात नव्हता, हे बरं झालं.

गिरगावकर
उशिरा आलो. अनयने कॉल आणि पुट एकत्र धरले, त्याला शब्द आहे आपल्याकडे, आणि तो झवेरी बाजारातलाच आहे: तेजी-मंदी. कॉल म्हणजे तेजी, पुट म्हणजे मंदी, दोन्ही एकदम घेतले की तेजी-मंदी. माझे वडील शेख मेमन स्ट्रीटवर एका पेढीत वह्या लिहीत. त्यांच्या एका जुन्या वहीत समासात पेन्सिलीने 'ते-मं' असं लिहून पुढे रक्कम मांडलेली आहे, खाली दोन रेघा. आज अनय ३,६७० म्हणतो, तीच जागा. १९५२ च्या वायदे कायद्याने मालातले असे सौदे बंद केले, आणि एमसीएक्सवर सोन्याचे ऑप्शन यायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात शब्द विसरला गेला. तेव्हा 'तेजी-मंदीचा दर' म्हणा.

शुद्धमराठी
आज तेजी-मंदी म्हटलं की वाचकाला भाव चढला-उतरला एवढंच कळेल. शिवाय 'तेजी' फारसी आहे, तेज़वरून.

गिरगावकर
तेजस् संस्कृत नाही? तीक्ष्ण या अर्थाचा 'तिज्' धातू आहे. आणि मंद तर संस्कृतच.

शुद्धमराठी
धातू एका कुळातला असेल, पण बाजारातला शब्द गुजराती पेढ्यांवरून आला आणि तिकडे तो फारसीतून.

मृदुला_दादर
दुरुस्ती अशी पाठवतेय: 'ऑप्शन्सच्या भावातून निघणारा चढउतार वर्षाला १६ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे साडेचार टक्के, वर किंवा खाली.' शीर्षकासाठी अजून शब्द नाही.

गिरगावकर
शीर्षकाचं बघू. त्या १९५२ च्या कायद्याच्या व्याख्येत तेजी, मंदी, तेजी-मंदी यांच्या पुढे 'गल्ली' असाही एक प्रकार लिहिला आहे. वडिलांच्या वहीत तो कुठेच नाही. कुणाच्या घरी ऐकलाय का?

स्मिता_विलेपार्ले
आमचे आजोबा कापसाच्या बाजारात होते. ते 'गल्लीत सौदा झाला' म्हणायचे, पण मला वाटायचं ते खरोखरच्या गल्लीबद्दल बोलतायत.