मदत हवी आहे: पॅरासिटामॉलच्या गोळीची सूचना सोप्या मराठीत लिहायची आहे, पण डोसचा आकडा हलायला नको

सायली_क

नमस्कार मंडळी, आमच्या गावात एका ट्रस्टचा दवाखाना आहे, आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात, मी तिथे केसपेपर काढायला आणि औषधं द्यायला मदत करते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० च्या गोळीसोबत द्यायला एक छोटा कागद करायला सांगितलाय कारण स्ट्रिपवरचं इंग्रजी कोणी वाचत नाही. त्यांनी दिलेली मूळ सूचना अशी, की मोठ्या माणसांनी गरज पडली तर दर ४ ते ६ तासांनी १ गोळी, २४ तासांत ४ च्या वर नाही, आणि जास्त घेतल्यास लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते. मी त्याचं हे केलं:

"आवश्यकतेनुसार दर ४ ते ६ तासांनी १ गोळी घ्यावी. २४ तासांत ४ गोळ्यांपेक्षा अधिक सेवन करू नये. दैनिक मात्रेपेक्षा अधिक सेवनाने यकृतास गंभीर इजा संभवते."

काल प्रिंट काढायच्या आधी सहज म्हणून दवाखान्यात बसलेल्या चार जणींना वाचायला दिलं. एक मावशी म्हणाल्या दर चार तासांनी एक म्हणजे दिवसरात्र मिळून सहा होतात, मग खाली चार का लिहिलंय, नक्की किती घेऊ? दुसरीने सांगितलं "रोज चार घ्यायच्या", म्हणजे तिला ती मर्यादा वाटलीच नाही, कोर्स वाटला. आणि यकृत म्हणजे काय हे चारपैकी एकीला माहीत होतं. मी तिथेच प्रिंट थांबवली. आता सोपं करायला जावं तर भीती वाटते की माझ्या हातून डोसच बदलेल. कसं लिहू?

मोहोळकर

ताई एवढं कशाला अवघड करताय, "सकाळ दुपार संध्याकाळ रात्र एकेक" लिहून टाका की. आमच्याकडे सगळे १-१-१-१ असंच लिहितात आणि लोकांना बरोब्बर कळतं.

दुकानातला_फार्मासिस्ट

मोहोळकर, १-१-१-१ म्हणजे रोज चार घ्याच असं झालं. इथे डॉक्टरांनी गरज पडली तर म्हटलंय, ताप उतरला तर गोळी बंद. ती दुसरी बाई जे समजली तेच तुम्ही छापून देताय.

सायलीताई, तुमच्या मावशींनी अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंय. "दर" हा शब्दच काढा. दर म्हटलं की माणूस घड्याळ लावून घेतो. मूळ वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एका वेळी किती, दोन वेळांत अंतर किती, आणि एकूण जास्तीत जास्त किती. तिन्ही एका ओळीत कोंबल्या की वाचणारा पहिली पकडतो आणि बाकीच्या सोडतो. तीन वेगळी वाक्यं करा आणि प्रत्येकात एकच आकडा ठेवा.

अंतराचं वाक्य लिहिताना "दोन गोळ्यांमध्ये ४ तास" असं मात्र लिहू नका. माझ्या काउंटरवर एका आजोबांनी ते "दोन गोळ्या, ४ तासांनी" असं वाचलं होतं. त्यापेक्षा "एक गोळी घेतली की पुढची घेण्याआधी कमीत कमी ४ तास जाऊ द्या" हे लांब आहे पण वाकडं वाचता येत नाही.

सायली_क

हे पटलं. पण मग ४ ते ६ मधल्या ६ चं काय करू? मला वाटत होतं सरळ ६ तास लिहावं म्हणजे चार गोळ्यांचा हिशोबही आपोआप बसतो, ६ गुणिले ४ चोवीस.

दुकानातला_फार्मासिस्ट

हिशोब सुंदर बसतो पण तो डोस तुम्ही बदलला. कुणाला पाच तासांनी ताप चढला तर मूळ सूचनेप्रमाणे तो गोळी घेऊ शकतो, तुमच्या कागदाप्रमाणे नाही. चूक सुरक्षित बाजूची आहे म्हणून चालेल असं म्हणता येईल, पण ते डॉक्टरांनी म्हणायचं, आपण नाही. त्यांना विचारा, हो म्हणाले तर ६ लिहा. नाहीतर कमीत कमी ४.

अर्धवट_केमिस्ट

एक शंका. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम ना? ६५० गुणिले ६ म्हणजे ३९००, म्हणजे आतच आहे. मग सहा गोळ्या लिहिल्या तर मावशींचा गोंधळही मिटतो आणि दर चार तासांनी हेही खरं ठरतं.

दुकानातला_फार्मासिस्ट

गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. ४००० मिलिग्रॅम ही सगळीकडून मिळून पोटात जाणाऱ्या पॅरासिटामॉलची मर्यादा आहे, एकट्या या गोळीची नाही. सर्दीची जी गोळी लोक मेडिकलमधून आणतात तिच्यात बहुतेक वेळा ५०० पॅरासिटामॉल असतं. कंबरदुखीसाठी असिक्लोफिनॅकची जोडगोळी देतात तिच्यात ३२५. आता समजा कुणी तुमच्या हिशोबाने या सहा घेतल्या आणि वर सर्दीच्या दोन, झाले ४९००, आणि त्या माणसाच्या मते त्याने तापाची गोळी मर्यादेतच घेतलीय. शिवाय वजन ५० किलोच्या आत असेल, रोज दारू घेणारा असेल, लिव्हरचा आधीच त्रास असेल तर मर्यादा याहून खाली येते. डॉक्टरांनी चार म्हणजे २६०० वर थांबवलंय ते त्यांचे पेशंट बघून.

म्हणून ताई, चौथं वाक्य हवंच, की ही गोळी चालू असताना पॅरासिटामॉल असलेलं दुसरं काही घेऊ नका. आणि तिथे नुसतं मराठीत पॅरासिटामॉल लिहून भागणार नाही, स्ट्रिपवर जशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात तशीच मोठ्या टायपात कागदावर द्या, म्हणजे वाचता न येणाराही दोन्ही शेजारी धरून जुळवून बघेल.

न्यूजर्सीची_मावशी

यात एक भर. आम्ही सुट्टीला येताना घरच्यांसाठी इथल्या डोकेदुखीच्या गोळ्यांचे डबे आणतो, आणि अमेरिकेत त्यावर असिटामिनोफेन लिहिलेलं असतं. औषध तेच. माझ्या सासूबाई दोन्ही घेत होत्या, एक तापाची आणि एक अमेरिकेची म्हणून. तुमच्या गावात परदेशातून येणारे असतील तर तेही नाव टाका.

पिंट्याचे_बाबा

आमच्या दीड वर्षाच्या मुलाला ताप आहे, घरात ड्रॉप्स आणि सिरप दोन्ही आहेत, कोणतं किती द्यायचं कोणी सांगेल का? ड्रॉप्स संपत आलेत म्हणून तेवढंच सिरप दिलं तर चालेल का?

दुकानातला_फार्मासिस्ट

दादा हा धागा मोठ्यांच्या गोळीचा आहे आणि बाळाचा डोस वजनावर ठरतो, तो इथून सांगणार नाही, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. फोनवर दोन्ही बाटल्यांवरचे आकडे वाचून दाखवा. ड्रॉप्स बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात आणि सिरप ५ मिलीत १२० किंवा २५०, म्हणजे एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले तर चौपट जाऊ शकतं. आणि घरचा चमचा नको, बाटलीबरोबरचं मापच घ्या.

कोयनाकाठ

मी शाळेत मराठी शिकवायचो, औषधातलं कळत नाही, भाषेचं सांगतो. "४ पेक्षा अधिक नाही", "४ च्या वर नाही" यात चौथी चालते की नाही याबद्दल लोक अडखळतात. आपण बोलताना म्हणतो ना, "फार तर चार, पाचवी नको". तसंच लिहा. पाचवी म्हटलं की सीमा कुठे आहे ते बोटावर मोजता येतं.

दुसरं, "दिवसात" आणि "दैनिक" हे दोन्ही टाळा. खेड्यात दिवस म्हणजे उजाडल्यापासून अंधारेपर्यंत, रात्रीची गोळी त्यात धरत नाहीत.

यकृताऐवजी काळीज लिहू का असा विचार मनात आला होता पण नको. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे लिव्हर, पण "काळजाला इजा" वाचून माणूस हार्ट समजेल. लिव्हरच लिहा, तो शब्द आता सगळ्यांच्या तोंडात आहे.

सायली_क

सर, पाचवी नको हे फारच आवडलं. पण आज सकाळी हाच प्रयोग करून बघितला आणि नवीन अडचण निघाली. एका काकांना विचारलं, समजा काल दुपारी १२ ला पहिली घेतली, मग ४ ला, रात्री ८ ला, आणि १२ ला चौथी. आता पहाटे ६ वाजता ताप आहे, गोळी घ्याल का? ते म्हणाले घेणार की, नवीन दिवस चालू झाला. म्हणजे १८ तासांत पाच! २४ तास असं स्पष्ट लिहिलेलं असूनही.

दुकानातला_फार्मासिस्ट

हे तुम्ही शोधलंत ते फार महत्त्वाचं आहे. लोक "कागद कळला का" विचारलं की हो म्हणतात, असा प्रसंग घालून विचारलं की खरं बाहेर येतं. सगळ्यांना असेच दोन-तीन प्रसंग विचारा. आणि कागद झाला की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या कुणाकडून तो परत इंग्रजीत करून घ्या, एक आकडा किंवा एक "कमीत कमी" गळाला असेल तर तिथे सापडेल.

कोयनाकाठ

२४ तासांऐवजी "काल याच वेळेपासून आत्तापर्यंत" असं म्हणा. आपण बोलतो तसंच आहे आणि अर्थ तंतोतंत २४ तासांचाच राहतो.

दुकानातला_फार्मासिस्ट

वा सर. त्या काकांच्या बाबतीत पहाटे सहाला मागे मोजलं तर चार सापडतात, म्हणजे थांबायचं. दुपारी १२ ला पहिली गोळी हिशोबातून बाहेर जाते, मग हवी तर एक. शिवाय खाली वेळ लिहायला चार रिकामे चौकोन द्या.

शेवटचं, इजेचं वाक्य. जास्त गोळ्या गेल्या तर पहिल्या दिवशी नुसती मळमळ किंवा काहीच होत नाही, लिव्हरचं नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसतं. उतारा असतो तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. त्यामुळे "इजा संभवते" एवढ्यावर सोडू नका, बरं वाटत असलं तरी लगेच दवाखान्यात या असं लिहा. इंग्लंडमधल्या पाकिटांवरही बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना लगेच भेटा असंच छापलेलं असतं.

आणि हा कागद वेगळाच द्या, स्ट्रिपवर चिकटवू नका, एक्सपायरी आणि बॅच नंबर झाकला जातो.

सायली_क

सगळ्यांचं धरून आता असं झालंय:

"ताप किंवा दुखणं असेल तेव्हाच घ्या. एका वेळी १ (एक) गोळी.
एक गोळी घेतली की पुढची घेण्याआधी कमीत कमी ४ (चार) तास जाऊ द्या.
गोळी घेण्याआधी मोजा: काल याच वेळेपासून आत्तापर्यंत ४ (चार) झाल्या असतील तर पाचवी घेऊ नका.
ही गोळी चालू असताना पॅरासिटामॉल असलेली सर्दीची, अंगदुखीची दुसरी गोळी घेऊ नका.
जास्त गोळ्या घेतल्या गेल्या तर लिव्हर खराब होऊ शकतं. बरं वाटत असलं तरी लगेच दवाखान्यात या."

डॉक्टरांना दाखवलं, अंतर ४ तासच ठेवा म्हणाले. आकडा अक्षरातही लिहिलाय त्याचं कारण आमच्या कॉलेजच्या पोरांपैकी एकाने मराठी चार घाईत इंग्रजी आठ म्हणून वाचला. स्ट्रिपवर ६५० इंग्रजीत आणि कागदावर सगळं मराठीत, त्यामुळे नजर तशीच राहते म्हणाला.

अर्धवट_केमिस्ट

मग आकडे इंग्रजीच ठेवा ना सरळ, स्ट्रिपशी जुळतील.

कोयनाकाठ

म्हाताऱ्या माणसांना मराठी आकडेच येतात, त्यांचं काय? आमच्या आईला इंग्रजी नऊ दाखवला तर ती एक म्हणायची.

सायली_क

यावर अजून ठरत नाहीये. शुक्रवारी ओपीडी आहे, दोन्ही प्रकारचे दहा-दहा कागद नेते आणि तोच पहाटे सहाचा प्रश्न विचारून बघते. कुणी आकडे न वापरता नुसती गोळ्यांची चित्रं काढून दिली असतील तर ते कसं समजलं लोकांना, प्लीज इथे लिहा.