अनुभव धागा: आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी लिहिलेलं गाणं, कडव्याकडव्यात स्वयंपाकघर

ओट्यावरची

लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी स्वतः गाणं रचायचं आणि प्रत्येक कडव्यात स्वयंपाकघरातली एक साधी, रोजची आठवण घालायची, असं ज्यांनी केलंय त्यांनी इथे सविस्तर लिहावं. कडवी द्या, कुठे अडलात तेही सांगा.

सुरुवात आमच्यापासून. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी अष्टाक्षरीत गाणं केलं. ओळीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. आमचा एकच नियम होता: एकदाच घडलेला प्रसंग घ्यायचा नाही. प्रसंग म्हटला की कोण आलं होतं, का आलं होतं, पुढे काय झालं हे सांगावं लागतं आणि चार ओळी त्यातच संपतात. रोज घडणारी गोष्ट आई-बाबांना पाठ असते, त्यामुळे थेट मधूनच सुरू करता येतं.

*लोणी कढे मंद आचे*
*विड्याचे ते पान टाकी*
*बेरी साखर वाटीत*
*तिघांसाठी नेमे राखी*

*खलबत्त्याच्या ठोक्याने*
*घर सारे जागे होई*
*बाबा आल्याचा तो चहा*
*आधी आईलाच देई*

*‘शिट्ट्या मोजा रे तिघांनी’*
*आई सांगून दारात*
*दोन झाल्या की या तीन?*
*भात गिचका वादात*

आमच्याकडे बाबालाही अरे-तुरे आहे, म्हणून ‘देई’ चाललं.

लिहिताना एक गोष्ट हाती लागली. ‘ठेवायची’, ‘द्यायचा’ अशी क्रियापदं घेतली की अर्धी ओळ तीच खातात. ‘टाकी’, ‘देई’, ‘होई’ ही जुनी रूपं दोन अक्षरांत काम करतात, ‘रोज असं व्हायचं’ हा अर्थ त्यांच्यातच आहे, आणि यमकही सापडतं. बोलताना आपण ती वापरत नाही, पण गाण्यात अजिबात खटकत नाहीत. आईने तर बेरीचं कडवं पहिल्यांदा ऐकूनच उचललं.

खादाडपंत

वा, छान धागा! आमच्या आई-बाबांच्या पन्नासाव्याला आम्ही पूर्ण बेत आईच्या जुन्या पद्धतीने केला होता. कटाची आमटी, पुरणपोळी, कुरडया, भजी, मसालेभात. पुरण मुद्दाम यंत्रातून काढलं, मिक्सरला हात लावला नाही. पूर्वी बाबा यंत्राचा दांडा फिरवायचे आणि आई वरून गरम पुरण दाबायची, पुरण गार झालं की दांडा हलायचाच नाही, मग आई म्हणायची, ‘बोलत बसू नका, फिरवा.’ त्या दिवशी दोघांना पुन्हा तसंच बसवलं. पाककृती हवी असेल तर टाकतो.

ओट्यावरची

खादाडपंत, पाककृती वेगळ्या धाग्यावर नक्की टाका. इथे गाण्याबद्दल चाललंय, पण तुम्ही दांड्याचं जे लिहिलंत ते आयतं कडवं आहे. दोघांचे हात एकाच यंत्रावर आणि आईचं वाक्य जसंच्या तसं. ते वाक्य शेवटच्या ओळीत येऊ द्या.

षड्जपंचम

मी घरगुती कार्यक्रमांना पेटी वाजवतो, त्यामुळे अशी गाणी बरीच ऐकली आहेत. शब्द लिहिताना सगळे कष्ट घेतात आणि पट्टीचा विचार उभं राहिल्यावर करतात. भावाची पट्टी साधारण काळी एक, बहिणीची काळी चारच्या आसपास. भावाच्या पट्टीत बहीण खाली पुटपुटते, बहिणीच्या पट्टीत भाऊ किंचाळतो. मग सगळे जण आवाज दाबतात आणि शब्द ऐकूच येत नाहीत.

यावर जुना उपाय आहे. काळी एक धरायची, तानपुऱ्यात पंचमाऐवजी मध्यम लावायचा आणि बहिणीने त्या मध्यमाला सा मानून गायचं. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन, ती बहुतेक बायकांना गाता येते. आणि भावाचा सा हा बहिणीचा पंचम होतो, म्हणून तानपुरा दोघांनाही चालतो. कडवी वाटून घ्या. ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं असेल तर त्याची चाल चार-पाच सुरांतच फिरवा. केहरव्याच्या आठ मात्रांत आठ अक्षरं सरळ बसतात, वेगळी खटपट लागत नाही.

ओट्यावरची, तुमचं पहिलं कडवं गोड आहे, पण ‘टाकी’ला ‘राखी’ हे यमक थोडं सैल वाटतं. ‘तिघांसाठी ठेवी बाकी’ केलंत तर घट्ट बसेल.

ओट्यावरची

‘ठेवी बाकी’ सुरेख आहे! आजच वहीत बदलते. दुसऱ्या कडव्यात भावाने आधी ‘बाबा आले ठेचताना’ लिहिलं होतं. चालीवर म्हटल्यावर शेजारच्या काकूंना ते ‘बाबा घरी आले’ असंच ऐकू आलं. कागदावर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

सातासमुद्रापार

आम्ही चौघं चार देशांत आहोत. झूमवर एकत्र गाऊ शकतो. सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड चालू करायचं, मग काही अडचण येत नाही.

षड्जपंचम

त्याने आवाज सुधारतो हे खरं. एरवी ते सॉफ्टवेअर पेटीचा लांब सूर म्हणजे खोलीतला गोंगाट समजून कापतं. पण आवाज पोहोचायला लागणारा वेळ त्याने जात नाही. तुम्ही सम धरलीत तर ती भावाला उशिरा ऐकू येणार, तो तिच्यावर गाणार, आणि त्याचं गाणं तुम्हाला आणखी उशिरा. लय खाली खाली जात राहते. त्यापेक्षा प्रत्येकाने कानात तोच तानपुरा आणि तोच ठेका लावून आपलं कडवं फोनवर रेकॉर्ड करावं. सुरुवातीला एक टाळी वाजवा, जोडताना टाळ्या जुळवल्या की झालं.

सातासमुद्रापार

आमचं जमलं होतं बुवा. अर्थात आम्ही एकामागून एक म्हटलं, एकत्र नाही.

रानजाई

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. गाण्यात आम्ही तिच्या भाकरी, तिचं लोणचं, तिच्या शेवया असं सगळं घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री आई म्हणाली, ‘छान होतं. पण त्यात माझी शाळा कुठे होती?’

पुढच्या वर्षी आम्ही एक कडवं नव्याने केलं. दूध तापत असायचं आणि आई ओट्यावर वह्या ठेवून तपासायची. दूध वर आलं की लाल पेन कानामागे, गॅस बारीक, पेन परत हातात. हीसुद्धा स्वयंपाकघरातलीच आठवण, पण त्यात आई पूर्ण आहे. स्वयंपाकघर म्हटलं की फक्त रांधणंच का आठवतं आपल्याला? ओट्याशी उभं राहून आई-बाबांनी हिशेब केले, पत्रं वाचली, आमचे पाढे घेतले. लिहायला बसाल तेव्हा तेही आठवून पाहा.

बांधावरून

आमचं घर मराठवाड्यातलं. आईचं लग्न १९७२ च्या दुष्काळाच्या आधीचं. त्या साली रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. आई सांगते, भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि गार झाली की चावत नसे. गरम पाण्यात पीठ मळून ती कशीबशी जमवायची आणि दादांच्या ताटात न फाटलेली भाकरी वाढायची.

ताईला ते कडवं हवंच होतं. आम्ही आधी आत्याला दाखवलं. ती म्हणाली, ‘हॉलमध्ये सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणू नका, वहिनीला आवडायचं नाही.’ मग पाच कडवी हॉलमध्ये म्हटली आणि हे सहावं रात्री घरी, फक्त घरच्यांत. आई काही बोलली नाही. दादा मात्र म्हणाले, ‘ती न फाटलेली भाकरी मला माहीत होती.’ तिने कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

ताईचं अजूनही मत आहे की ते कडवं सगळ्यांसमोरच म्हणायला हवं होतं. मला नाही वाटत.

रानजाई

मी ताईंच्या बाजूने. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

बांधावरून

लाजण्याचं नाही. ज्याची आठवण त्याला विचारावं, एवढंच.

आजोळ

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस झाली असती. बाबा रोज रात्री मिसळणाचा डबा पुसून, संपलेल्या वाट्या भरून ठेवायचे. तेवढं एक कडवं लिहून झालंय. आईसमोर म्हणावं का, हे ठरत नाहीये. कुणी केलंय का असं?

बांधावरून

काकांकडे केलं होतं. काकूंनी दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. पण प्रत्येकाचं वेगळं असतं.

रानजाई

आईला नुसतं वाचायला द्या आधी, एकटीला. गायचं की नाही ते ती सांगेल.

तिरफळ

आम्ही मालवणकडचे. आईच्या माशाच्या कालवणावर भावाने कडवं लिहिलं, ‘पहिला रोस घालून शिजे बांगडा’ असं काहीसं. गाणं सुरू असताना आईने हात वर करून थांबवलं. ‘अरे, पहिलो रोस शेवटाक घालतत!’ नारळ वाटून पहिल्यांदा पिळला की दाट रोस निघतो, तो बाजूला ठेवायचा. पाणी घालून काढलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या पातळ रोसात मासे शिजवायचे आणि दाट रोस अगदी शेवटी. नंतर खळखळ उकळलं तर तो फुटतो. भाऊ चाळीस वर्षं तेच कालवण जेवला, पण ते कसं होतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून सांगते, रोज खाल्लेलं असलं तरी लिहिण्याआधी करणाऱ्या कुणाला तरी विचारा. आईला विचारलं तर बेत फुटतो, मावशीला विचारा.

आता कडवं सुधारायचंय. भावाला अष्टाक्षरी जमत नाही, तो म्हणतो ओवीसारखं कसंही चालतं, अक्षरं मोजायची गरज नाही.

षड्जपंचम

भावाचं अर्धं बरोबर आहे. ओवीत अक्षरं कमी-जास्त चालतात, पण जात्यावर म्हणणारी बाई एकटी असायची आणि ओळ आपल्या श्वासाने लांबवायची, आखडायची. पाच जणांनी एका ठेक्यावर म्हणायचं तर प्रत्येक जण वेगळीकडे लांबवणार. तुमच्या घरी एकच जण म्हणणार असेल तर भावाला खुशाल ओवी करू द्या.

तिरफळ

आम्ही सहा जण म्हणतो.

ओट्यावरची

मग हे पाहा बसतंय का:

*दुसऱ्या रोसात शिजे*
*बांगडा नि तिरफळ*
*पहिला रोस शेवटी*
*नको आणखी उकळ*

‘तिरफळ’ बोलताना आपण ‘तिर्फळ’ म्हणतो, पण गाताना ‘र’ पूर्ण म्हटला की आठ होतात.

तिरफळ

बसतंय! फक्त आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असतं, रोस घातलेल्या कालवणात असतं की नाही यावर मावशी आणि मामी भांडतायत. ठरलं की कळवते.